पन्नास व्होल्टला एक सेंटिमीटर

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला जुना सीआरओ सुरू केला की गोल पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटतो. त्याला व्होल्टेज दिले की ठिपका वर सरकतो, तारा उलट जोडल्या की तेवढाच खाली येतो. व्होल्टेज दुप्पट केले तर सरकणेही दुप्पट होते. विद्यार्थी पडद्यावरचे चौकोन मोजतो आणि वहीत व्होल्टचा आकडा लिहितो. एक अदृश्य झोत पट्टीसारखा बिनचूक माप देतो, याचे त्याला त्या वेळी फारसे नवल वाटत नाही. वाटायला हवे. कारण हा झोत ज्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो त्यांचे वस्तुमान किती, त्यांच्यावर विद्युतभार किती, यातले काहीही माहीत नसले तरी ठिपका किती सरकेल हे अचूक सांगता येते. त्यासाठी नळीची तीन मापे आणि दोन व्होल्टेज एवढेच पुरते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घरोघरी जे काचेच्या नळीचे टीव्ही होते त्यांच्यात झोत वळवायला पट्ट्या नसत. तिथे नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असत. टीव्ही दुरुस्त करणारे त्यांना ‘योक’ म्हणतात. तिथे झोत वळे तो चुंबकीय क्षेत्राने. आपण बोलतो आहोत ते सीआरओच्या नळीबद्दल, जिथे धातूच्या दोन पट्ट्यांमधल्या विद्युत क्षेत्राने झोत वळतो. या दोन पद्धतींतला फरक वरवरचा नाही. त्याकडे पुढे येतोच.

नळीच्या मागच्या टोकाला तापलेला कॅथोड असतो. त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पुढे ॲनोड असतो आणि या दोघांमध्ये समजा 2000 व्होल्टचा फरक ठेवलेला असतो. इलेक्ट्रॉन ऋणभारित, म्हणून ते ॲनोडकडे ओढले जातात, वेग घेतात आणि ॲनोडच्या छिद्रातून बारीक झोत होऊन पुढे निघतात. 2000 व्होल्टने त्यांना जो वेग मिळतो तो सेकंदाला सुमारे 26,500 किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाच्या साधारण अकराव्या हिश्श्याइतका. ॲनोड ओलांडला की पुढे ओढणारे काही उरत नाही. नळी निर्वात असल्याने अडवणारेही काही नसते. झोत त्याच वेगाने सरळ जाऊ लागतो.

याच वाटेवर दोन पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असतात, एक झोताच्या वर आणि एक खाली. झोत वर-खाली हलवणाऱ्या या पट्ट्या स्वतः आडव्या असतात, हे चित्र डोळ्यांसमोर नीट ठेवायला हवे. आपल्या उदाहरणासाठी पट्ट्यांची लांबी 2 सेंटिमीटर, त्यांच्यातले अंतर अर्धा सेंटिमीटर आणि पट्ट्यांच्या मध्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर 20 सेंटिमीटर धरू. वरच्या पट्टीला खालच्यापेक्षा 50 व्होल्ट जास्त दिले आहेत.

आता इलेक्ट्रॉन पट्ट्यांमध्ये शिरतो. वरची पट्टी धन, म्हणून त्याला वरच्या दिशेने सतत एकसारखी ओढ लागते. पुढे जाण्याचा वेग मात्र जरासुद्धा बदलत नाही, कारण त्या दिशेने कोणताच जोर नाही. गच्चीवरून आडवा फेकलेला दगड पुढे एकाच वेगाने जात राहतो आणि खाली मात्र वाढत्या वेगाने येतो, नेमके तसेच हे आहे. फरक एवढाच की इथले ‘पडणे’ वरच्या दिशेने आहे आणि ते पडणे पृथ्वीच्या ओढीपेक्षा सुमारे 180 लाख कोटी पट जोराचे आहे. इलेक्ट्रॉनला खरे गुरुत्वाकर्षणही खाली ओढतच असते, पण नळीतल्या एवढ्याशा प्रवासात ते त्याला अणुकेंद्राच्या आकाराइतकेही खाली आणू शकत नाही. म्हणून हिशेबात ते धरतच नाहीत.

पट्ट्यांमधून पार व्हायला इलेक्ट्रॉनला जेमतेम पाऊण नॅनोसेकंद लागतो, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा पाऊण हिस्सा. तेवढ्या वेळात तो किती वर जातो? फक्त अर्धा मिलिमीटर. इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. त्यांना वाटते की ठिपका एक सेंटिमीटर सरकला म्हणजे पट्ट्यांनी झोताला एक सेंटिमीटर उचलले. तसे होत नाही. पट्ट्यांनी दिलेली खरी देणगी म्हणजे तिरकी दिशा. बाहेर पडताना इलेक्ट्रॉनला वरच्या दिशेने सेकंदाला सुमारे 1,300 किलोमीटर वेग मिळालेला असतो. पुढच्या दिशेचा वेग 26,500 किलोमीटर आहे. या दोघांचे गुणोत्तर एकास वीस. म्हणजे इथून पुढे प्रत्येक 20 सेंटिमीटर पुढे जाताना झोत 1 सेंटिमीटर वर चढणार.

पट्ट्यांबाहेर विद्युत क्षेत्र नाही, म्हणून झोत आता सरळ रेषेत जातो. पट्ट्यांच्या टोकापासून पडदा 19 सेंटिमीटरवर आहे, तेव्हा त्या प्रवासात तो 0.95 सेंटिमीटर चढतो. आधीचा अर्धा मिलिमीटर, म्हणजे 0.05 सेंटिमीटर, त्यात मिळवला की बरोबर 1 सेंटिमीटर. बाहेर पडणारी ती तिरकी रेषा मागे वाढवत नेली तर ती पट्ट्यांच्या मधोमध मूळ सरळ रेषेला भेटते. झोत जणू पट्ट्यांच्या मध्यबिंदूवरच एकदम वळला होता. म्हणून तर पडद्याचे अंतर पट्ट्यांच्या मध्यापासून मोजायचे. तसे मोजले की वक्र भागाचा वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही आणि सगळे एका ओळीत मावते:

D = (Vd × l × L) / (2 × d × Va)

यात D म्हणजे पडद्यावरचे विचलन, Vd पट्ट्यांवरचे व्होल्टेज, l पट्ट्यांची लांबी, L पट्ट्यांच्या मध्यापासून पडद्याचे अंतर, d दोन पट्ट्यांमधले अंतर आणि Va इलेक्ट्रॉनांना वेग देणारे व्होल्टेज. आपले आकडे घाला: 50 गुणिले 2 गुणिले 20, भागिले 2 गुणिले 0.5 गुणिले 2000. वर 2000, खाली 2000. उत्तर एक सेंटिमीटर.

या ओळीकडे पुन्हा एकदा पाहा. तिच्यात इलेक्ट्रॉनचा भार कुठे आहे? वस्तुमान कुठे आहे? दोन्ही नाहीत. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कारण असे: कणावर भार जास्त असता तर पट्ट्यांनी त्याला जास्त जोराने ओढले असते, हे खरे. पण मग आधी ॲनोडनेही त्याला जास्त जोराने ओढून जास्त ऊर्जा दिली असती. कण जड असता तर पट्ट्यांमध्ये तो सावकाश वर चढला असता, हेही खरे. पण जड कणाचा पुढे जाण्याचा वेगही कमी असता, त्यामुळे तो पट्ट्यांमध्ये जास्त वेळ थांबला असता आणि ती कसर तंतोतंत भरून निघाली असती. एकाच जातीच्या विद्युत शक्तीने त्याला पुढे ढकलले आणि तिनेच वर ओढले, म्हणून कणाचे स्वतःचे गुणधर्म दोन्ही बाजूंनी कटून जातात. उरते ते फक्त दोन व्होल्टेजचे आणि नळीच्या मापांचे गुणोत्तर.

हे कागदावरचे बीजगणित नव्हे, याचा पुरावा चक्क पडद्यांवर उमटला. नळीत इलेक्ट्रॉनांसोबत थोडे ऋणभारित आयनही असतात. कॅथोडच्या लेपातून आणि उरल्यासुरल्या वायूतून ते तयार होतात. ते इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो पटींनी जड असतात. पट्ट्यांच्या नळीत हे आयन इलेक्ट्रॉनांबरोबरच वळतात आणि ठिपका जाईल तिथेच जाऊन आदळतात, त्यामुळे त्यांचा मारा पडदाभर विखुरतो. चुंबकीय योक असलेल्या टीव्हीच्या नळीत मात्र ही कसर पूर्ण भरून निघत नाही. तिथे विचलन वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. आयनांमधला सर्वांत हलका हायड्रोजनचा घेतला तरी तो इलेक्ट्रॉनच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याइतकाच वळतो, इतर आयन त्याहूनही कमी. ते सगळे जवळजवळ सरळ जाऊन पडद्याच्या मध्यावर आदळत राहतात. जुन्या टीव्हीच्या नळ्यांवर म्हणूनच मधोमध काळपट-तपकिरी डाग पडत. तो टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनची बंदूक मुद्दाम वाकडी बसवून मानेवर छोटे चुंबक लावावे लागे, म्हणजे आयन बाजूला आदळून अडकत. पुढे पडद्याच्या आतून ॲल्युमिनियमचा पातळ थर देण्याची पद्धत आली आणि हा त्रास संपला.

याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की केवळ विद्युत पट्ट्यांनी झोत वळवून तो कशाचा बनला आहे हे कळू शकत नाही. जे समीकरणात नाही ते मोजणार कसे? केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत 1897 साली जे. जे. थॉमसन यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. त्यांच्या नळीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या होत्या, 5 सेंटिमीटर लांब आणि एकमेकींपासून दीड सेंटिमीटरवर. पट्ट्यांनी झोत किती वळतो हे त्यांनी मोजले. मग त्याच झोतावर चुंबकीय क्षेत्र लावून त्यानेही तो तेवढाच वळवून पाहिला. विद्युत बल वेगावर अवलंबून नसते, चुंबकीय बल असते. त्यामुळे दोन्ही बले सारखी असताना दोन क्षेत्रांच्या गुणोत्तरातून थेट वेग मिळतो. त्यांच्या एका नोंदीत तो सेकंदाला सुमारे 28,000 किलोमीटर निघाला, आपल्या उदाहरणातल्या वेगाच्या अगदी जवळ. वेग कळल्यावर विचलनातून भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर काढता आले. त्यांचा आकडा आजच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो, पण तो हायड्रोजन आयनाच्या गुणोत्तरापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता आणि निष्कर्षाला तेवढे पुरेसे होते.

त्याआधी चौदा वर्षे, 1883 साली, हाइनरिश हर्ट्झ यांनी बर्लिनमध्ये हाच प्रयोग केला होता. पट्ट्या होत्या, व्होल्टेज होते, पण झोत हलला नाही. हर्ट्झ काही लेचेपेचे प्रयोगकर्ते नव्हते. त्यांनी निष्कर्ष काढला की या किरणांवर विद्युतभार नसावा. थॉमसन यांनी प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांनाही आधी तेच उत्तर मिळाले. चूक पट्ट्यांत नव्हती, नळीत उरलेल्या हवेत होती. झोत वायूच्या रेणूंवर आदळून त्यांचे धन आणि ऋण तुकडे करतो. धन तुकडे ऋण पट्टीकडे जातात, ऋण तुकडे धन पट्टीकडे, आणि पट्ट्यांच्या भाराला झाकून टाकतात. मधल्या जागेत क्षेत्रच उरत नाही, मग वळणार काय? थॉमसन यांनी नळीतली हवा आणखी काढत नेली आणि झोत वळू लागला. मग तो व्होल्टेजच्या प्रमाणात वळे आणि अवघ्या 2 व्होल्टलाही ते वळण दिसे. निर्वाताच्या मधल्या अवस्थेत तर त्यांना ठिपका आधी सरकून मग हळूहळू जागेवर परत येताना दिसला. आयन सावकाश जमत जाऊन क्षेत्र मारतात, हे त्या परत येण्यातच दिसत होते.

आता पुन्हा समीकरणाकडे. पट्ट्यांची लांबी वाढवली की विचलन वाढते, तर मग नळी बनवणाऱ्यांनी पट्ट्या लांबच लांब का केल्या नाहीत? आपल्या नळीतल्या पट्ट्या 2 ऐवजी 4 सेंटिमीटर करून पाहू, बाकी सगळे तेच. 50 व्होल्टला ठिपका आता 2 सेंटिमीटर सरकेल. पण पट्ट्यांच्या आतली चढण लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ती अर्ध्या मिलिमीटरऐवजी 2 मिलिमीटर होईल. झोत मधोमध शिरतो, तेव्हा वरची पट्टी त्याच्यापासून फक्त अडीच मिलिमीटरवर आहे. व्होल्टेज 62.5 च्या पुढे नेले की झोत पट्टीवरच आदळेल आणि पडद्यावरून नाहीसा होईल. म्हणजे ठिपका जास्तीत जास्त अडीच सेंटिमीटर जाणार. पूर्वीच्या आखूड पट्ट्यांना 250 व्होल्टपर्यंत जाता येत होते आणि ठिपका 5 सेंटिमीटरपर्यंत पोहोचत होता. लांबी दुप्पट केल्यावर संवेदनशीलता दुप्पट झाली, पल्ला निम्मा झाला. म्हणून प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांमध्ये पट्ट्या समांतर नसतात. झोत शिरतो तिथे त्या जवळ असतात आणि बाहेरच्या टोकाला फाकलेल्या असतात, झोत जसा वर चढतो तशी त्याला जागा देत. अशा पट्ट्यांना वरचे सोपे समीकरण जसेच्या तसे लागू होत नाही. समांतर पट्ट्यांच्या बाबतीतही क्षेत्र टोकापाशी एकदम संपत नाही, थोडे बाहेर झिरपते, त्यामुळे लांबी मोजलेल्यापेक्षा किंचित जास्त धरावी लागते.

लांबीची आणखी एक मर्यादा वेगवान संकेतांना आड येते. इलेक्ट्रॉन पट्ट्यांमध्ये असताना व्होल्टेज बदलत नाही, असे आपण गृहीत धरले होते. सेकंदाला काही लाख वेळा वरखाली होणाऱ्या संकेतासाठी हे अगदी खरे आहे. पण संकेताचे एक पूर्ण आवर्तन पाऊण नॅनोसेकंदातच होत असेल, म्हणजे सेकंदाला सुमारे 133 कोटी आवर्तने, तर इलेक्ट्रॉनला पट्ट्यांमध्ये वरचा आणि खालचा धक्का सारखाच बसतो. बाहेर पडताना तिरकेपणा शून्य. संकेत जोरदार असूनही पडद्यावर जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यावर उपाय म्हणून अतिवेगवान ऑसिलोस्कोपच्या नळ्यांत एका पट्टीचे अनेक आखूड तुकडे केले जात आणि संकेत एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉनच्याच वेगाने जाईल अशी तारांची रचना केली जाई.

दुसरा मार्ग ॲनोडचे व्होल्टेज कमी करण्याचा. ते निम्मे केले तर विचलन दुप्पट होते. पण सावकाश आलेले इलेक्ट्रॉन पडद्यावर हलकेच आदळतात, म्हणून ठिपका मंद होतो आणि पसरतोही. यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. पट्ट्यांपर्यंत झोत कमी वेगाने आणायचा, तिथे तो मनसोक्त वळवून घ्यायचा आणि वळून झाल्यावर पडद्याजवळच्या आणखी उंच व्होल्टेजने त्याला पुन्हा वेग द्यायचा. वळणे आणि चमकणे ही दोन कामे नळीच्या दोन भागांत वाटून दिली की दोन्ही साधतात.

हे समीकरण यंत्र बिघडल्यावरही उपयोगी पडते. Va छेदात आहे, म्हणजे उच्च दाबाचा पुरवठा ढासळला की विचलन वाढते. 2000 चे 1600 व्होल्ट झाले तर आपला 1 सेंटिमीटर सव्वा सेंटिमीटर होईल. तेव्हा पडद्यावरचे चित्र उंचीत आणि रुंदीत सारखेच मोठे झालेले दिसले आणि सोबत फिकटही झाले असेल, तर दोष उच्च दाबाच्या पुरवठ्यात आहे. आडव्या पट्ट्यांचे समीकरण तेच असल्याने दोन्ही दिशा एकदमच फुगतात. फक्त उंची बदलली आणि रुंदी जागेवर राहिली, तर उभ्या विचलनाच्या वर्धकाकडे पाहावे. कारण आपण दिलेला संकेत सरळ पट्ट्यांवर जात नाही, आधी वर्धकातून मोठा होऊन मग जातो. चित्राचा आकार ठीक आहे पण ते कडेला अस्पष्ट होते, असे असेल तर दोन्ही पट्ट्यांना सारखे व्होल्टेज उलटसुलट मिळते आहे ना, एकीला अधिक 25 तर दुसरीला उणे 25, हे तपासावे. सगळे 50 व्होल्ट एकाच पट्टीवर आले की मधल्या जागेचे सरासरी व्होल्टेज ॲनोडपेक्षा बदलते आणि झोताचा केंद्रबिंदू बिघडतो.

आपल्या महाविद्यालयात असा सीआरओ अजून चालू असेल, तर ही तपासणी बाहेरून, पडद्याकडे पाहूनच करा. सीआरओत पट्ट्या आणि ॲनोड जमिनीच्या व्होल्टेजजवळ ठेवलेले असतात आणि ते 2000 व्होल्ट उणे बाजूला, मागे कॅथोडपाशी असतात. यंत्र बंद केल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकतात, म्हणून जाणकार सोबत असल्याशिवाय मागचे झाकण उघडू नका.